एसएसडीचं उरलेलं आयुष्य कसं काढायचं: टक्का, टीबी आणि वहीतल्या दोन नोंदी

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एक लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ आहे. तिथल्या मशीनची देखभाल माझ्याकडे असते. एडिटिंगच्या मशीनमध्ये ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, नोव्हेंबर २०२० मध्ये बसवलेली. तीन वर्षांनी स्टुडिओवाल्या अण्णांनी विचारलं, "हिचं अजून किती आयुष्य उरलंय? सीझनमध्ये गेली तर लोकांची लग्नं परत लावता येणार नाहीत मला."

स्क्रीनवर आकडे समोर होते: `Percentage Used` २०, लिहिलेला डेटा साधारण ३८ टीबी, आणि कंपनीने दिलेली हमी ३०० टीबीची. एवढ्यावरून उत्तर काढायचं म्हटलं तर ते १२ वर्षं येतं, १५ वर्षंही येतं, चुकीचे महिने धरले तर पावणेपाच येतं आणि ३३ सुद्धा येतं. एकाच ड्राइव्हची ही सगळी उत्तरं, आणि गणित कुठेही चुकलेलं नाही. चुकतो तो आकडा निवडताना आणि नोंदीचा काळ धरताना. म्हणून या लेखात हेच एक मशीन शेवटपर्यंत घेतो.

## १. वाचन घेण्याआधीची तयारी

आधी डेटाचा बॅकअप. आयुष्याचा अंदाज आणि ड्राइव्ह अचानक बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्याचं कारण पुढे येईल. बॅकअप नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तो आधी घ्या.

मग ड्राइव्हचं नेमकं मॉडेल आणि क्षमता लिहून घ्या. कंपनीच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो: एवढे टेराबाइट लिहून होईपर्यंत किंवा ठरलेली वर्षं संपेपर्यंत, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत वॉरंटी. हा आकडा मॉडेलगणिक तर बदलतोच, क्षमतेगणिकही बदलतो. उदाहरणच द्यायचं तर सॅमसंग ९७० इव्हो प्लसच्या ५०० जीबीला ३०० टीबी आहे आणि १ टीबीच्या ड्राइव्हला ६००. क्रुशल पी३ ची ५०० जीबीची ड्राइव्ह घेतली तर तिथे ११० टीबी. क्षमता तीच, तरी आकडा जवळपास तिपटीने वेगळा. म्हणून "५०० जीबीला ३०० असतो" असं कुणी ऐकीव सांगितलं तर त्यावर जाऊ नका.

वाचनासाठी `smartctl` वापरा. तो `smartmontools` या पॅकेजमध्ये येतो आणि लिनक्स, विंडोज दोन्हींवर चालतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडावा लागतो, लिनक्सवर कमांडच्या आधी `sudo` लावावा लागतो.

```
smartctl --scan
smartctl -a /dev/nvme0
```

पहिल्या ओळीत जी नावं दिसतील त्यातलं आपल्या ड्राइव्हचं नाव दुसऱ्या ओळीत घाला. विंडोजवर ते `/dev/sda` असंही दिसू शकतं.

पडताळा: आलेल्या माहितीत सर्वांत वर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. दोन ड्राइव्ह असलेल्या मशीनमध्ये भलत्याच ड्राइव्हचे आकडे वहीत उतरवणारे मी पाहिले आहेत, त्यात एकदा मी स्वतः होतो. सिरियल नंबरचे शेवटचे चार अंक प्रत्येक नोंदीशेजारी लिहा.

## २. कोणत्या ओळी घ्यायच्या

अण्णांच्या मशीनवर १५ नोव्हेंबर २०२३ ला जे आलं, त्यातल्या कामाच्या ओळी एवढ्याच:

```
Available Spare:                  100%
Available Spare Threshold:        10%
Percentage Used:                  20%
Data Units Written:               74,003,118 [37.8 TB]
Power On Hours:                   5,312
Media and Data Integrity Errors:  0
```

`Percentage Used` म्हणजे झिजलेला भाग, उरलेला नव्हे. इथे २० म्हणजे २० टक्के खर्च झाले. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा प्रोग्राम हाच आकडा उलटा करून "गुड ८०%" असं दाखवतो. एका नोंदीत एका प्रोग्रामचा आकडा आणि दुसऱ्या नोंदीत दुसऱ्याचा घेतला की वहीत "२०, मग ७९" असं येतं आणि माणूस घाबरतो. नेहमी एकच प्रोग्राम वापरा आणि वहीत झिजेचाच आकडा लिहा.

हा टक्का कंपनीचा अंदाज असतो. ड्राइव्हच्या फ्लॅश चिप किती झिजल्या आणि त्या किती झिजेपर्यंत चालतील असं कंपनीने धरलंय, यावरून कंट्रोलर तो काढतो. शंभरला पोचला म्हणजे ड्राइव्ह बंद पडली असा अर्थ होत नाही. आकडा शंभरच्या पुढेही जातो आणि मानकाप्रमाणे २५५ पर्यंत दाखवता येतो. पण शंभरनंतर चिपची कंपनीने धरलेली सहनशक्ती संपलेली असते.

इशारा: टक्का नेहमी पूर्णांकात येतो. नव्या ड्राइव्हवर `1%` दिसला की लोक लगेच भागाकार करतात. प्रत्यक्षात तो एक टक्का आजच बदललेला असेल, किंवा उद्या दोन होण्याच्या बेतात असेल. एक टक्क्याच्या जोरावर काढलेल्या वर्षांना काही अर्थ नाही.

## ३. युनिटचे टीबी करा

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबून.

एनव्हीएमईमध्ये एक डेटा युनिट म्हणजे ५१२ बाइट नव्हे, ५१२ बाइटचे हजार तुकडे, म्हणजे ५,१२,००० बाइट. ५१२ ने गुणलं तर ३८ टीबीऐवजी ३८ जीबी येतात आणि ड्राइव्ह कोरीच आहे असं वाटतं. सेकंडहँड ड्राइव्ह घेताना अशी फसगत सहज होते.

दुसरी खास आपली चूक. स्क्रीनवरचे स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीने, तीन-तीन अंकांवर पडतात. `74,003,118` हे घाईत "चौऱ्याहत्तर लाख" वाचलं जातं. ते सात कोटी चाळीस लाख आहे. वहीत उतरवताना स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पुन्हा टाका: ७,४०,०३,११८. मग एक सोपा गुणाकार लक्षात ठेवा:

```
TB = Data Units Written (कोटीत) × 5.12
```

एक कोटी युनिट म्हणजे ५.१२ टीबी. ७.४० × ५.१२ = ३७.९ टीबी. कंसातल्या `37.8 TB` शी हे जुळतं, म्हणजे कोटी-लाखात गडबड झालेली नाही. कंसातला आकडा पडताळ्यापुरताच वापरा. पुढे दोन नोंदींची वजाबाकी करायची आहे, तिला युनिटच घ्या. अण्णांच्या मशीनवर पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांत हा फरक दीड-दोन टीबीचाच असतो. त्यात एका दशांशाची चूकही बरीच होते.

इथे टीबी म्हणजे हजाराच्या पटीतला टीबी, आणि कंपनीचा टीबीडब्ल्यूही त्याच पटीत असतो. १०२४ च्या पटीत मोजलं तर उत्तर साधारण नऊ टक्क्यांनी कमी येतं.

इशारा: क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खालच्या तक्त्यात कच्चे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेले दिसतात. त्यात ए ते एफ पैकी एखादं अक्षर दिसलं तर लगेच कळतं. नशिबाने एकही अक्षर आलं नाही तर कळत नाही आणि तो आकडा दशमान समजून वहीत जातो. सेटिंगमध्ये कच्चे आकडे दशमानात बदलून घ्या.

## ४. दुसरी नोंद, आणि मधे पूर्ण एक वर्ष

एका नोंदीवरून वेग कळत नाही. गाडीचं मीटर ४० हजार दाखवतं म्हणून ती रोज किती पळते हे सांगता येत नाही, तसंच. सुदैवाने अण्णांच्या मशीनच्या माझ्याकडे आधीच्याही नोंदी होत्या.

| तारीख | युनिट | टीबी | झीज |
|---|---|---|---|
| १५ नोव्हेंबर २०२२ | ४.१० कोटी | २१.० | ९% |
| १५ जून २०२३ | ७.०५ कोटी | ३६.१ | १९% |
| १५ नोव्हेंबर २०२३ | ७.४० कोटी | ३७.९ | २०% |

आता बघा. नोव्हेंबर ते जून या २१२ दिवसांत १५.१ टीबी लिहिले गेले, दिवसाला ७१ जीबी. दिवाळी उरकली की लग्नं सुरू होतात. एकेका लग्नाची कार्डं रिकामी होतात, त्यावर एडिटरची कॅश बनते, मग फायनल फाइल बनते, आणि "मामांचा शॉट राहिला" म्हणून ती पुन्हा बनते. चातुर्मासात हातात उरतात बारशी आणि शाळेचे कार्यक्रम. जून ते नोव्हेंबरच्या १५३ दिवसांत जेमतेम १.८ टीबी लिहिले गेले, दिवसाला १२ जीबीसुद्धा नाही.

फक्त सीझनचे महिने धरले तर १० टक्के २१२ दिवसांत, वर्षाला १७ टक्के, आणि जूनमध्ये उरलेले ८१ टक्के संपायला पावणेपाच वर्षं. फक्त पावसाळा धरला तर १५३ दिवसांत १ टक्का, आणि उरलेल्या ८० टक्क्यांना ३३ वर्षं. दोन्ही उत्तरं टाकाऊ. खरा वेग पूर्ण वर्षाचा: १६.९ टीबी आणि ११ टक्के. ८० ला ११ ने भागलं की ७.३ वर्षं.

ज्यांचं काम हंगामी आहे त्यांनी सलग बारा महिन्यांच्या अंतराने नोंदी घ्याव्यात. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीचं बिलिंग मशीन असो किंवा निकालाच्या दिवसांत राबणारा सायबर कॅफे, त्यांनाही हेच लागू. घरचा लॅपटॉप वर्षभर सारखाच चालतो, तिथे तीन-चार महिन्यांचं अंतर चालेल, फक्त टक्का निदान पाच-सहाने सरकलेला हवा.

सामान्य चूक: खरेदीपासून आजपर्यंतची सरासरी. तीन वर्षांत २० टक्के, म्हणजे वर्षाला ६.७, म्हणजे अजून १२ वर्षं. ऐकायला छान वाटतं. पण पहिल्या दोन वर्षांत मिळून फक्त ९ टक्के गेले होते आणि तिसऱ्या एकाच वर्षात ११. जुन्या सुखाच्या वर्षांत आजचा वेग लपून जातो.

## ५. एका टक्क्यात किती टीबी बसतात ते काढा

हा टप्पा बहुतेक लोक करतच नाहीत, आणि माझ्या मते सगळी खरी माहिती इथेच आहे.

कंपनीची हमी ३०० टीबीची. म्हणजे कंपनीने धरलेल्या वापरात एका टक्क्याला ३ टीबी पडायला हवेत. अण्णांच्या ड्राइव्हवर काय झालं?

पहिली दोन वर्षं: २१ टीबीला ९ टक्के, टक्क्याला २.३ टीबी.
तिसरं वर्ष: १६.९ टीबीला ११ टक्के, टक्क्याला १.५ टीबी.

म्हणजे एका टक्क्याच्या झिजेत ड्राइव्ह आधी जेवढा डेटा लिहून देत होती, त्याच्या दोन-तृतीयांशच आता देत होती. `Data Units Written` मध्ये फक्त मशीनने पाठवलेला डेटा मोजला जातो. आतल्या आत कंट्रोलर जे हलवतो ते त्यात येत नाही, पण चिप झिजते ती दोन्हींनी.

कंट्रोलर हलवतो कशाला? फ्लॅश चिपवर लिहिणं छोट्या पानांवर होतं, पण पुसायचं असेल तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. ब्लॉकमध्ये निम्मी पानं अजून कामाची असतील तर ती आधी दुसरीकडे लिहायची, मग ब्लॉक पुसायचा. धान्याच्या गोदामासारखं आहे हे. अर्धं गोदाम मोकळं असेल तर नवी पोती सरळ आत जातात. छतापर्यंत थप्पी लागली असेल तर एक पोतं ठेवायला चार हलवावी लागतात आणि हमालीही तेवढी चढते.

मी ड्राइव्ह उघडून पाहिली. ५०० पैकी ३० जीबीसुद्धा मोकळी नव्हती. अण्णा म्हणाले, "अरे, लोक अल्बम न्यायलाच येत नाहीत. पैसे राहिलेत बऱ्याच जणांचे. पुसून टाकलं आणि उद्या आला तर?" त्या न नेलेल्या लग्नांचे प्रोजेक्ट वर्षभर एसएसडीवरच पडून होते, आणि नवी लग्नं उरलेल्या चिंचोळ्या जागेत लिहिली-पुसली जात होती.

पडताळा: टक्क्यामागचे टीबी घटत असतील तर तीन गोष्टी बघा. ड्राइव्ह किती भरली आहे. ट्रिम चालू आहे का, म्हणजे फाइल पुसल्यावर ती जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळतं का. आणि मशीनवर सतत छोट्या-छोट्या नोंदी लिहिणारं काही चालतं का. विंडोजवर ट्रिम असं तपासा:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

उत्तरात `0` आला तर ट्रिम चालू आहे. नाव "डिसेबल" असल्यामुळे शून्य पाहून लोक ते बंद समजतात आणि नको ते बदलतात.

## ६. टीबीडब्ल्यूशी ताडून पाहा, पण जागा ओळखून

आता कंपनीच्या आकड्याने काय येतं ते बघू. ३०० मधून ३७.९ वजा केले, २६२ उरले, त्याला वर्षाच्या १६.९ टीबीने भागलं: साडेपंधरा वर्षं. टक्क्याने ७.३ येत होती.

दोन्हींत एवढं अंतर पडलं तर झिजेच्या बाबतीत टक्क्यावर विश्वास ठेवा. टीबीडब्ल्यू हा वॉरंटीचा आकडा आहे. तो काढताना एक ठरावीक वापर गृहीत धरलेला असतो आणि तुमची ड्राइव्ह किती भरली आहे हे त्याला माहीत नसतं. टक्का मात्र तुमच्याच चिपची झीज बघून आलेला असतो. वॉरंटी मागायला जाताना उलट: तिथे लिहिलेले टीबी आणि वर्षं बघतात. अण्णांच्या ड्राइव्हला पाच वर्षांची वॉरंटी होती. वर्षाला १७ टीबीने पाच वर्षांत ८५ टीबीसुद्धा होत नाहीत, म्हणजे ३०० चा आकडा गाठण्याच्या कितीतरी आधी तारीखच संपते. घरगुती किंवा छोट्या धंद्याच्या मशीनवर बहुधा असंच होतं.

उलट प्रकारही दिसतो: टक्का टीबीडब्ल्यूपेक्षा हळू चढतो. मोठमोठ्या फाइल सलग लिहिणाऱ्या आणि अर्ध्या रिकाम्या ड्राइव्हवर असं होऊ शकतं. तिथेही वेग टक्क्याचाच धरा, फक्त वॉरंटीची सीमा टीबीची आहे हे विसरू नका.

सामान्य चूक: दोन्ही उत्तरांची सरासरी काढून "साडेअकरा वर्षं" सांगणं. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, त्यांची सरासरी कशाचीच नसते.

## ७. उत्तर एका आकड्यात देऊ नका

टक्का पूर्णांकात असल्याने ११ चा फरक प्रत्यक्षात १० पासून १२ पर्यंत कुठेही असू शकतो. ८० ला १२ ने भागा, मग १० ने भागा: ६.७ ते ८ वर्षं. अण्णांना नोव्हेंबर २०२३ मध्ये मी एवढंच सांगितलं: "ड्राइव्ह अशीच ठासून भरलेली ठेवली तर साडेसहा ते आठ वर्षांत झीज शंभरला जाईल." फरक एकच टक्क्याचा असता तर हीच कसरत ० ते २ अशी झाली असती. म्हणजे चाळीस वर्षांपासून अनंतापर्यंत काहीही. टक्का पाच-सहाने सरकेपर्यंत थांबा म्हणतो ते यासाठी.

मग अण्णांकडून एक काम करून घेतलं. न नेलेली लग्नं दोन मोठ्या हार्डडिस्कवर गेली, दोन्हींवर एकेक प्रत. एसएसडीवर निदान १२५ जीबी कायम मोकळी ठेवायची असं ठरलं. एडिटिंगमध्ये काहीच बदललं नाही. पुढची नोंद १५ जून २०२४ ला घेतली: १०.३३ कोटी युनिट, म्हणजे ५२.९ टीबी, झीज २७ टक्के. सीझनभरात १५ टीबी लिहिले गेले आणि टक्के गेले सात. टक्क्याला २.१ टीबी. आदल्या सीझनमध्ये तेवढ्याच डेटाला दहा टक्के गेले होते.

नवा हिशोब असा. वर्षाचं लिखाण तेच १६.९ टीबी धरलं. सात टक्क्यांचा फरक सहा ते आठच्या मधे कुठेही असू शकतो, म्हणून टक्क्याला १.९ ते २.५ टीबी. त्यावरून वर्षाला पावणेसात ते नऊ टक्के झीज. उरलेल्या ७३ टक्क्यांना साधारण ८ ते ११ वर्षं. नवी एसएसडी न घेता, नुसती जागा मोकळी ठेवून.

## ८. आयुष्य उरलेलं असताना ड्राइव्ह कशाने जाते

हा सगळा अंदाज फक्त चिपच्या झिजेचा आहे. कंट्रोलर जळणं, फर्मवेअरची चूक, वीज गेली-आली याचा फटका, यातलं काहीही टक्क्यात दिसत नाही. दोन टक्के झीज असलेली ड्राइव्ह सकाळी बायोसमध्येच दिसेनाशी झालेली मी माझ्या टेबलावर पाहिली आहे.

म्हणून प्रत्येक नोंदीच्या वेळी आणखी तीन ओळी बघा. `Available Spare` म्हणजे खराब झालेल्या ब्लॉकच्या जागी वापरायला राखून ठेवलेला साठा. तो १०० वरून उतरू लागला तर झीज कितीही असो, नोंदी दरमहा घ्या. `Threshold` च्या खाली गेला की ड्राइव्ह स्वतःच `Critical Warning` देते, तेव्हा मात्र त्याच दिवशी बदला. `Media and Data Integrity Errors` शून्य असायला हवा. तो वाढू लागला तर आयुष्याचा हिशोब थांबवा आणि डेटा हलवायला घ्या. आणि `Unsafe Shutdowns` दर नोंदीला चढत असेल तर यूपीएसची बॅटरी तपासा. अण्णांकडे हा आकडा वाढतच होता. बॅटरी मेली होती आणि यूपीएस नुसता दिवा दाखवत होता.

इशारा: झिजलेली एसएसडी जुनी लग्नं साठवायला कपाटात टाकू नका. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जेडेक या संस्थेच्या मानकात अपेक्षा एवढीच आहे: सहनशक्ती पूर्ण वापरून झाल्यावर, वीज न देता, ३० अंश तापमानाला डेटा एक वर्ष टिकावा. तापमान वाढलं की ती मुदत घटते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बंद कपाटात ३० अंश कुठले राहायला.

## ९. साटा ड्राइव्ह असेल तर

जुन्या मशीनमधल्या साटा एसएसडीला वरची पद्धत तशीच लागू, फक्त आकडे शोधावे लागतात, कारण प्रत्येक कंपनीची ओळ आणि एकक वेगळं. आधी हे चालवून पाहा:

```
smartctl -l devstat /dev/sda
```

त्यात `Percentage Used Endurance Indicator` आणि `Logical Sectors Written` मिळाले तर काम सोपं. सेक्टर बहुधा ५१२ बाइटचा असतो. इथे हजार पट नाही, हे ध्यानात ठेवा. ही ओळ मिळाली नाही तर `smartctl -A` च्या तक्त्यात बघावं लागतं. लिहिलेल्या डेटाचा आकडा बऱ्याचदा २४१ क्रमांकावर असतो, पण कुणाचा सेक्टरमध्ये, कुणाचा जीबीमध्ये, कुणाचा ३२ एमबीच्या तुकड्यांत.

एकक कोणतं याची खात्री नसेल तर अंदाज बांधत बसू नका. २४१ चा आकडा लिहून घ्या, १० जीबीची एक फाइल त्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि आकडा पुन्हा वाचा. दहाच्या आसपास वाढला तर एकक जीबी. तीनशेच्या आसपास वाढला तर ३२ एमबीचे तुकडे. दोन कोटींच्या आसपास उडी मारली तर ५१२ बाइटचे सेक्टर.

अण्णांच्या सीपीयूच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवून ठेवलाय: तारीख, युनिट, टक्का, स्पेअर, एरर, मोकळी जागा. शेवटचा रकाना मी नंतर वाढवला, कारण टक्क्यामागचे टीबी का घटले हे त्याच्याशिवाय कळलंच नसतं.